व्हिडिओच्या लांबीला संगीत तंतोतंत बसवायचं: मधून कापा, शेवट राखा

व्हिडिओ दीड मिनिटाचा आणि संगीत पावणेतीन मिनिटांचं. मग बहुतेक जण काय करतात? व्हिडिओ संपतो तिथे संगीत कापतात आणि शेवटच्या तीन सेकंदांत आवाज हळूहळू उतरवतात. लांबी बरोबर येते, पण ऐकणाऱ्याला कळतं की गाणं चालू असताना कोणीतरी दार लावून घेतलं. संगीतकाराने मेहनतीने बांधलेला शेवट कचऱ्यात जातो आणि व्हिडिओचा शेवटही लुळा पडतो.

यावर उपाय सोपा आहे. संगीताची सुरुवात आणि शेवट दोन्ही जसेच्या तसे ठेवायचे आणि जास्तीची लांबी मधून काढायची. संगीत अपुरं पडत असेल तर मधलाच एखादा भाग पुन्हा वाजवायचा. हे काम ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या तासात होतं. त्याला थोडं गणित लागतं, पण ते भागाकार-गुणाकाराच्या पलीकडचं नाही. खाली एकच उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो.

आधी व्हिडिओ मोजा

प्लेअरमध्ये दिसणारी १:२७ ही लांबी पुरेशी नाही, सेकंदाचे अंशही हवेत. त्यातच एक खाच आहे. फाइलची म्हणून जी लांबी दिसते ती चित्र आणि आवाज यांपैकी जे जास्त लांब असेल त्याची असते. कॅमेऱ्याचा आवाज चित्रापेक्षा जरा पुढे गेलेला असेल तर तुम्ही चुकीच्या आकड्याला संगीत बसवाल. म्हणून फक्त चित्राची लांबी विचारा. एफएफएमपेग हे मोफत साधन बसवलं की त्याच्यासोबत `ffprobe` मिळतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
  -show_entries stream=duration,r_frame_rate,nb_frames \
  -of default=nw=1 video.mp4
```

आपल्या उदाहरणात उत्तर आलं ८७.४ सेकंद, २५ फ्रेम प्रति सेकंद, एकूण २,१८५ फ्रेम. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची झाली. आपली चूक एका फ्रेमच्या आत राहिली तर ती कोणाच्या लक्षात येत नाही. एवढी अचूकता आपल्याला पुरे.

आता दुसरा आकडा, आणि माझ्या मते हाच खरा महत्त्वाचा. व्हिडिओत असा कोणता क्षण आहे जिथे संगीताचा शेवटचा ठोका पडायला हवा? बहुधा शेवटचं शीर्षक किंवा शेवटचं दृश्य येतं तो क्षण. इथे शीर्षक ८३.४ सेकंदांवर येतं आणि उरलेले चार सेकंद ते पडद्यावर राहतं. म्हणजे शेवटचा ठोका ८३.४ वर हवा आणि त्याचा घुमारा ८७.४ पर्यंत विरत जायला हवा. लांबी जुळवायची ती या ठोक्याशी. फाइलच्या टोकाशी जुळवण्याला फारसा अर्थ नाही.

मग संगीत मोजा

ऑडॅसिटी उघडल्यावर सगळ्यात आधी प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८,००० करा, कारण व्हिडिओत तोच चालतो. संगीताची फाइल आत ओढा. शक्य असेल तर WAV किंवा FLAC घ्या. फक्त एमपी३ असेल तरी चालेल, पण तिच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता असते हे लक्षात ठेवा. पहिला ठोका नेमका कुठे सुरू होतो ते झूम करून बघा आणि त्याच्या आधीचा रिकामा भाग काढून टाका, म्हणजे पहिली सम शून्यावर येईल.

आता एक बार, म्हणजे एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग, किती सेकंदांचा ते काढायचं. आपलं संगीत चार ठोक्यांच्या चालीचं आहे, म्हणजे दर चार ठोक्यांनी सम येते. एकच बार मोजू नका. झूम करून एक बार निवडला तर दहा-वीस मिलिसेकंदांची चूक सहज होते आणि पुढे ती तीसपट होते. त्याऐवजी ऐकत ऐकत बोटांवर ३२ बार मोजा आणि ३३व्या बारच्या समेवर `Ctrl+M` दाबून खूण करा. नंतर झूम करून ती खूण ठोक्याच्या लाटेच्या टोकाशी नेऊन ठेवा. शून्यापासून तिथपर्यंत निवड केली की खालच्या पट्टीत लांबी दिसते. इथे ती ८० सेकंद आली. ८० भागिले ३२ म्हणजे २.५ सेकंदांचा एक बार. चार ठोक्यांच्या चालीत २४० ला बारच्या लांबीने भागलं की टेंपो मिळतो: ९६ ठोके प्रति मिनिट.

पडताळणी करून घ्या. `Generate > Rhythm Track` मध्ये टेंपो ९६, प्रति बार ४ ठोके आणि ६४ बार भरले की टिकटिक करणारा वेगळा ट्रॅक तयार होतो. दोन्ही एकत्र वाजवा. शेवटपर्यंत टिकटिक ठोक्यावरच पडली तर आकडा बरोबर. हळूहळू सरकत गेली तर मोजणी थोडी चुकली आहे, पुन्हा मोजा. पण कधी पुढे, कधी मागे अशी डुलत असेल तर ते संगीत माणसांनी मेट्रोनोमशिवाय वाजवलेलं आहे. तिथे हे गणित लागू पडत नाही, प्रत्येक सांधा कानानेच शोधावा लागतो. तपासून झालं की टिकटिकीचा ट्रॅक काढून टाका. (तो तसाच राहून अंतिम फाइलमध्ये गेल्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे, आणि तो व्हिडिओ मी पाठवूनही दिला होता.)

आपल्या संगीताचा नकाशा आता असा: ६४ बार म्हणजे १६० सेकंद, १६०व्या सेकंदावर शेवटचा ठोका, आणि त्याचा घुमारा चार सेकंद. एकूण १६४.

किती बार काढायचे?

१६४ वजा ८७.४ म्हणजे ७६.६ सेकंद जास्त आहेत. २.५ ने भागलं तर ३०.६४ बार. इथे ३० बार काढून मोकळं व्हायचा मोह होतो, पण संगीत बारांनी नाही, वाक्यांनी बोलतं. एक वाक्य साधारण चार किंवा आठ बारांचं असतं. ३० बार काढले तर एक वाक्य दोन बारांनी तुटतं, आणि संगीत न शिकलेल्या माणसालाही काहीतरी अडखळलं असं वाटतं. म्हणून आठच्या पटीत जा: ३२ बार, म्हणजे ८० सेकंद काढायचे. उरतात ३२ बार, शेवटचा ठोका ८० वर, घुमाऱ्यासकट ८४ सेकंद.

आपल्याला ठोका ८३.४ वर हवा आहे. म्हणजे ३.४ सेकंद कमी पडतात. ते दोन ठिकाणांहून आणता येतात. एक तर संगीत व्हिडिओच्या पहिल्या क्षणालाच सुरू व्हायला हवं असं नाही. पहिल्या दृश्याचा नैसर्गिक आवाज सव्वा-दीड सेकंद ऐकू आला तर उलट बरं वाटतं. आपण १.४ सेकंद तिथे घेऊ. उरलेले २ सेकंद संगीत किंचित संथ करून मिळवू. ८० सेकंदांचे ८२ करायचे म्हणजे टेंपो सुमारे २.४ टक्के कमी होतो. तीन टक्क्यांपर्यंतचा बदल सहसा कानाला कळत नाही, हा माझा स्वतःपुरता नियम आहे. पाच टक्क्यांच्या पुढे झांजांचा आवाज पुसट आणि ओलसर होऊ लागतो, तबला-ड्रमच्या ठोक्याची धार जाते. पूर्ण ३.४ सेकंद ताणूनच काढायचे ठरवले असते तर बदल चार टक्क्यांच्या वर गेला असता.

मधला भाग काढणं

कुठून काढायचं ते ऐकून ठरवा. पहिली १६ बार ठेवून १७ ते ४८ काढली, तर ४० सेकंदांनंतर थेट १२०वा सेकंद येईल. बघायचं एवढंच की १७व्या आणि ४९व्या बारची सुरुवात सारख्या सुरावटीवर आणि सारख्या भारावर आहे का. पट्टी मध्येच वर गेली असेल किंवा ड्रम नंतर आले असतील, तर हा सांधा जमणार नाही. आठ बार पुढे-मागे सरकून दुसरी जोडी शोधा.

सरळ कापून चिकटवलं तर सांध्यावर टिचकीसारखा आवाज येऊ शकतो, कारण दोन्ही बाजूंच्या ध्वनिलाटा वेगवेगळ्या उंचीवर तुटलेल्या असतात. ऑडॅसिटीतली `Crossfade Clips` ही सोय दोन टोकं एकावर एक चढवते, त्यामुळे एकूण लांबी घटते आणि आपलं गणित बिघडतं. म्हणून मी दोन ट्रॅकची पद्धत वापरतो.

ट्रॅक पूर्ण निवडून `Ctrl+D` दाबा, खाली त्याची प्रत येईल. आता खालच्या ट्रॅकमध्येच काम करायचं. निवडीच्या पट्टीत सुरुवात ३९.९४० आणि लांबी ८०.००० टाका आणि `Delete` दाबा. मागचा भाग पुढे सरकून चिकटला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली असेल तर तो तुकडा ओढून लावून घ्या. मग त्याच ट्रॅकमध्ये ० ते ३९.९४० निवडून `Ctrl+L` दाबा, तेवढा भाग मुका होईल. वरच्या ट्रॅकमध्ये ४०.००० पासून शेवटपर्यंत निवडून काढून टाका. आता वरचा ट्रॅक ४० वर संपतो, खालचा ३९.९४ ला सुरू होतो आणि ६० मिलिसेकंद दोघे एकत्र वाजतात. तेवढाच पट्टा दोन्ही ट्रॅकमध्ये निवडून `Crossfade Tracks` हा इफेक्ट लावा. वरचा उतरेल, खालचा चढेल, आणि लांबीला धक्का लागणार नाही.

सांधा समेच्या आधी ठेवला आहे, समेवर नाही, हे लक्षात आलं असेल. त्यामागे कारण आहे. समेचा ठोका खालच्या ट्रॅकमधून अखंड येतो आणि त्याच्या आघातात आधीची जोडणी झाकली जाते. सांधा ठोक्यानंतर ठेवला तर एका तुकड्याचा आघात आणि दुसऱ्याचा घुमारा अशी खिचडी होते.

आता सांध्याच्या चार सेकंद आधीपासून डोळे मिटून ऐका आणि ठोके मोजत राहा. डोळे उघडे असले की पडद्यावरच्या लाटेकडे नजर जाते आणि नसलेली चूकही ऐकू येते. एक-दोन-तीन-चार नंतर एक न येता भलताच आकडा आला तर सम चुकली. मोजणी बरोबर पण मध्येच एखादा सूर तुटला असेल, तर तो सूर सांध्यावरून पुढे जाणारा होता. तिथे क्रॉसफेड वाढवून उपयोग नाही, जागाच बदला.

ताणणं आणि जागेवर बसवणं

दोन्ही ट्रॅक निवडून `Tracks > Mix > Mix and Render` करा. आता ८४ सेकंदांचा एकच ट्रॅक उरतो. तो पूर्ण निवडून `Change Tempo` उघडा. नाव सारखं असलं तरी `Change Speed` वेगळं आहे, त्याने सूरही खाली उतरतो. लांबीच्या चौकटीत ८४ च्या जागी ८६.१ टाका आणि उच्च दर्जाच्या ताणण्याची खूण चालू ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल.

८० चे ८२ झाले आणि घुमाऱ्याच्या ४ चे ४.१. झूम करून शेवटचा ठोका खरोखर ८२ वर आला का बघा. या इफेक्टनंतर ठोका काही मिलिसेकंदांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. तसं असेल तरी पुन्हा ताणू नका. पुढच्या पायरीत ते आपोआप निस्तरतं: कर्सर शून्यावर ठेवून `Generate > Silence` ने १.४ सेकंदांची शांतता घाला. ठोका ८२.०१० वर आला असेल तर १.३९० घाला. काही झालं तरी ठोका ८३.४०० वर बसला पाहिजे.

आता ८७.४ च्या पुढे दशांश सेकंदाचा घुमारा उरलाय. तो कापा आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदाला `Studio Fade Out` लावा. हे फेड आउट विरत चाललेल्या घुमाऱ्यावर आहे, चालू संगीतावर नाही, म्हणून ते खटकत नाही. एकूण लांबी सॅम्पलमध्ये पाहिली तर ४१,९५,२०० दिसली पाहिजे: २,१८५ फ्रेम गुणिले दर फ्रेमला १,९२० सॅम्पल. मग ४८,००० सॅम्पल रेटवर WAV म्हणून एक्स्पोर्ट करा.

व्हिडिओला संगीत जोडताना चित्र पुन्हा एन्कोड करायची गरज नाही:

```
ffmpeg -i video.mp4 -i music.wav -map 0:v -map 1:a \
  -c:v copy -c:a aac -b:a 192k final.mp4
```

यात व्हिडिओचा मूळ आवाज पूर्ण जातो. सुरुवातीचा १.४ सेकंदांचा नैसर्गिक आवाज हवा असेल, तर तो ऑडॅसिटीतच दुसऱ्या ट्रॅकवर ठेवून संगीतासोबतच एक्स्पोर्ट करा. पुष्कळ ठिकाणी या कमांडला `-shortest` जोडायला सांगतात. इथे ते नको, कारण संगीत चुकून थोडं आखूड असेल तर शेवटच्या फ्रेम गुपचूप उडतात. आणि तयार फाइलमध्ये आवाजाची लांबी ८७.४ ऐवजी दोन-तीन मिलिसेकंदांनी जास्त दिसली तर घाबरू नका. एएसी आवाज १,०२४ सॅम्पलच्या पाकिटांत भरते आणि शेवटचं पाकीट पूर्ण करावं लागतं.

संगीतच अपुरं असेल तर

समजा याच टेंपोचं संगीत फक्त १६ बारांचं आहे: ४० सेकंद आणि चारचा घुमारा. आपल्याला ३२ बार हवेत. सुरुवात आणि शेवट सोडून मधले ५ ते १२ हे आठ बार, म्हणजे १० ते ३० सेकंद, आणखी दोनदा वाजवायचे. क्रम होतो १ ते १२, ५ ते १२, पुन्हा ५ ते १२, मग १३ ते १६. लांबी पुन्हा ८० सेकंद, पुढचं सगळं गणित वरचंच. सांधेही तसेच, दोन ट्रॅकवर आणि समेच्या जरा आधी. तिसऱ्या आवर्तनाला कान विटतो, म्हणून मधली फेरी दोन-तीन डेसिबलने खाली घ्या. शेवटची फेरी मूळ पातळीवर परतली की ती चढत गेल्यासारखी वाटते.

लूप म्हणून मिळणाऱ्या छोट्या फाइलींत मात्र वेगळी अडचण असते. फाइल शांततेतून सुरू होते आणि शेवटचा घुमारा कापलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला उचकी लागल्यासारखं होतं. आणि अशी फाइल एमपी३ करून मग जोडली तर प्रत्येक जोडावर आणखी थोडी शांतता शिरते, कारण एमपी३चा एन्कोडर दोन्ही टोकांना रिकामे सॅम्पल भरतो. दोन-चार फेऱ्यांतच ताल लंगडू लागतो. लूपचं काम संपेपर्यंत WAV सोडू नये.

स्वतःच बांधायचं ठरवलं तर

कधीकधी कापाकापीपेक्षा साधं संगीत बांधणंच सोपं जातं, कारण लांबी आधीच माहीत असते. एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. ठोका ८३.४ वर हवा, सुरुवात दीडेक सेकंदाने, ३२ बार. म्हणजे ३२ गुणिले २४० भागिले ८२: टेंपो ९३.६६ येतो. गोल आकडा घ्या, ९४. मग ३२ बार ८१.७ सेकंदांचे होतात आणि संगीत १.७ सेकंदांवर सुरू करायचं.

पियानो रोलमध्ये चार बारांत चार कॉर्ड लिहा: ए मायनर, एफ, सी, जी. प्रत्येक बारला एक. खाली बेसचा एकेक लांब सूर. पहिले आठ बार नुसते कॉर्ड, नवव्यापासून बेस, सतराव्यापासून हलका ताल, आणि ३३व्या बारच्या समेवर ए मायनरचा एकच आघात, घुमत सोडलेला. निवेदन असेल तर वर धून घालू नका, ती बोलण्याशी भांडते. लूपसाठी काही बांधत असाल तर ते सलग दोनदा वाजवून एक्स्पोर्ट करा आणि ऑडॅसिटीत दुसरी फेरी कापून घ्या. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीचा घुमारा आधीच मिसळलेला असतो, म्हणून जोड ऐकू येत नाही.

दुसऱ्याचं संगीत वापरताना परवाना कापण्याआधी वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ND, म्हणजे बदललेलं रूप वाटायला मनाई, ही अक्षरं असतील तर ते संगीत या कामाला चालत नाही. त्या परवान्यांच्या व्याख्येत संगीत चित्राशी वेळेनुसार जुळवणं हाच बदल धरला जातो, मग तुम्ही एकही बार कापला नसला तरी.